लॉजिस्टिक समीकरण: एका वजा चिन्हाने शिकवलेलं

लॉजिस्टिक समीकरण पहिल्यांदा सोडवलं तेव्हा माझं उत्तर दोन दिवसांतच कोलमडलं. गणितातले दिवस म्हणतोय. उदाहरण असं होतं: सुरुवातीला १०० जीव, जागा आणि अन्न पुरेल फक्त १०००ना (ही धारणक्षमता, K), आणि मोकळीक असताना वाढीचा दर r = ०.५ दर दिवशी. P म्हणजे t दिवसांनंतरची जीवांची संख्या.

```
dP/dt = 0.5 P (1 - P/1000)
```

P कडचं सगळं एका बाजूला आणलं की 1000/(P(1000-P)) चं इंटिग्रेशन करायचं असतं. पार्शल फ्रॅक्शन्सनी त्याचे 1/P आणि 1/(1000-P) असे दोन तुकडे होतात. दुसऱ्याचं इंटिग्रेशन -ln(1000-P) येतं, कारण आतल्या P ला वजा आहे. तो वजा मी विसरलो आणि P(1000-P) = 90000 e^(0.5t) असं काहीतरी मिळालं. डावी बाजू कधीच २,५०,०००च्या वर जाऊ शकत नाही, उजवी मात्र फुगतच राहते. त्यामुळे t = २.०४ नंतर P ला किंमतच उरत नाही. मी तासभर बेरजा तपासत बसलो होतो! खरं तर t खूप मोठा घेऊन P हा K कडे जातो का, एवढं पाहिलं असतं तरी चूक लगेच कळली असती.

वजा जागेवर आला की P/(1000-P) = (1/9) e^(0.5t), म्हणजेच

```
P(t) = 1000 / (1 + 9 e^(-0.5t))
```

९ कुठून आला? (१००० - १००)/१०० मधून. दोन दिवसांनी साधारण २३२ जीव होतात, मर्यादा नसती तर २७२ झाले असते. दहाव्या दिवशी ९४३, आणि मर्यादेविना १४,८०० च्या वर. वाढ सर्वांत जोरात असते ती P = ५०० ला, म्हणजे ४.४ दिवसांच्या आसपास, दिवसाला १२५. तिथून पुढे संख्या वाढते, वेग मात्र उतरतो.

सोडवणं जमलं तरी अर्थ लावताना घसरायला होतं. मोजणी त्या अर्ध्या टप्प्याच्या आधीची असेल तर वक्र जवळजवळ घातांकीच दिसतो. दोन दिवसांचे आकडे पाहून K १००० आहे की ३००० हे सांगणं अवघडच, कारण आकड्यांतल्या किरकोळ चुकीनेही K कुठल्या कुठे जातो. रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी १९२० साली अमेरिकेच्या लोकसंख्येला हाच वक्र लावला. १७९०, १८५० आणि १९१० या तीन जनगणनांतून तो नेला आणि K आला सुमारे १९.७ कोटी. त्यांच्याच वक्राप्रमाणे अर्धा टप्पा १९१४ साली यायचा होता, म्हणजे हाताशी असलेले तिन्ही आकडे त्याच्या अलीकडचे! १९७०च्या जनगणनेत लोकसंख्या २०.३ कोटी भरली, १९.७ कोटींची ती वरची रेघ ओलांडून.

मी आता कुठल्याही आलेखावर K वाचण्याआधी मोजणी अर्ध्या टप्प्याच्या पलीकडे गेली आहे का ते बघतो. गेली नसेल तर K चा एक आकडा न देता K दुप्पट धरूनही वक्र बसवून दाखवतो.