डिस्चार्जपासून सुरुवात करून हॉस्पिटलचं बॅलन्स्ड स्कोअरकार्ड कसं बांधावं

रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ साली बॅलन्स्ड स्कोअरकार्ड मांडलं. पैसा, ग्राहक, कामाची पद्धत आणि माणसांचं शिकणं या चारही बाजूंनी संस्थेकडे पाहायचं, ही त्यातली कल्पना. हॉस्पिटलात ग्राहकाच्या जागी रुग्ण येतो. पण बऱ्याच ठिकाणी याचा चार रकान्यांचा तक्ता होतो, त्यात वीस-पंचवीस आकडे भरले जातात आणि कोणत्या आकड्यामुळे कोणता हलतो हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा की आधी एकच साखळी घ्यावी आणि ती शेवटपर्यंत न्यावी. नाशिकच्या मध्यम आकाराच्या खासगी हॉस्पिटलसाठी मी डिस्चार्जची साखळी निवडेन, कारण ती चारही बाजूंना शिवते.

समजा, मुंबई नाक्याजवळ ६० बेडचं हॉस्पिटल आहे. पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, ५२ बेड भरलेले असतात. रुग्ण सरासरी ४ दिवस राहतो, म्हणजे रोज साधारण १३ डिस्चार्ज. डॉक्टरांनी राउंडला ‘आज घरी सोडा’ म्हटल्यापासून बेड रिकामा होईपर्यंत सरासरी ५ तास जातात. पुढचं सगळं या हॉस्पिटलवर करून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तिथे आपले घाला.

पायरी १: पैशाचा प्रश्न नेमका विचारा

‘उत्पन्न वाढवायचं’ हे उद्दिष्ट फार ढोबळ आहे. ५ तासांचे ३ तास झाले तर रोज १३ डिस्चार्जमागे २६ बेड-तास मोकळे होतात, महिन्याला ७८०. एक रुग्ण ९६ तास बेड वापरतो, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ८ रुग्ण जास्त घेता येतील. औषधं आणि साहित्याचा खर्च वजा जाता एका रुग्णामागे १५,००० रुपये उरत असतील, तर १,२०,००० रुपये.

यात एक अट आहे. बेडसाठी कुणीतरी थांबलेलं असेल तरच हे पैसे येतात. हिवाळ्यात ३० बेड रिकामे असताना डिस्चार्ज कितीही लवकर झाला, तरी उत्पन्नात एक रुपयाची भर पडत नाही. म्हणून कॅज्युअल्टीच्या टेबलावर एक साधी वही ठेवा आणि ‘बेड नाही म्हणून परत पाठवलेला रुग्ण’ तारीख-वेळेसह त्यात लिहा. ही वही नसेल तर साखळीचं वरचं टोक हवेतच राहतं.

पायरी २: रुग्णाच्या बाजूनं वेळ मोजा

फीडबॅक फॉर्मवरचे पाचपैकी साडेचार गुण इथे फारसे कामाचे नाहीत. डिस्चार्जच्या घाईत फॉर्म भरताना नातेवाईक बहुतेक वेळा चांगलंच लिहितात. सुरगाणा, पेठ किंवा कळवणहून आलेल्या कुटुंबाला विचारा. संध्याकाळी साडेसहाला सुटलेल्या आजीला घेऊन घरी जायचं, तर एसटीची वेळ टळून गेलेली असते. मग खासगी गाडी करा, नाहीतर रात्र शहरात काढा. म्हणून माप असं ठेवा: बाहेरगावच्या रुग्णांपैकी किती जण दुपारी ४ च्या आत बाहेर पडले.

याचा पैशाशी संबंध आहे, पण तो उशिरा दिसतो. त्या कुटुंबाचा अनुभव गावच्या डॉक्टरांपर्यंत पोचतो आणि पुढचा रुग्ण कुठे पाठवायचा ते तेच ठरवतात. त्यामुळे तालुक्यांतून येणाऱ्या रेफरल रुग्णांची संख्या दर तीन महिन्यांनी पाहा. दर आठवड्याला पाहिली तर त्यात फक्त चढउतार दिसतील.

पायरी ३: ५ तासांचे तुकडे पाडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. पहिला तुकडा राउंडपासून डिस्चार्ज कार्ड आणि अंतिम बिल तयार होईपर्यंत. दुसरा, कॅशलेस रुग्णाचं बिल विमा कंपनीकडे पाठवल्यापासून मंजुरी येईपर्यंत. तिसरा, मंजुरीपासून बेड साफ होईपर्यंत.

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत डिस्चार्जची अंतिम मंजुरी द्यायची आहे. पण हे घड्याळ विनंती गेल्यावर सुरू होतं. आमच्या हातात काही नाही, सगळं विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे अडलंय, असं वॉर्डात ऐकू येतं, तेव्हा आधी पहिला तुकडा तपासा. व्हिजिटिंग कन्सल्टंट सकाळची ओपीडी संपवून एकला राउंडला येतात, आरएमओ म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर दोनला कार्ड लिहायला बसतो, न वापरलेली औषधं मेडिकलला परत जाईपर्यंत बिल बंद होत नाही. तीन इथेच वाजतात.

उपाय आदल्या संध्याकाळचा आहे. उद्या कोण घरी जाऊ शकेल याची यादी इन्चार्ज सिस्टर आणि आरएमओ मिळून करतात, कार्डाचा कच्चा मसुदा रात्रीच तयार होतो, औषधं सकाळी परत जातात. माप: दिवसभरातल्या डिस्चार्जपैकी किती रुग्ण आदल्या रात्रीच्या यादीत होते.

पायरी ४: शिकण्याचं माप कामात शोधा

‘प्रशिक्षणाचे तास’ भरणं सोपं असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. इथे हवं असलेलं कौशल्य ठरलेलं आहे: आरएमओनं लिहिलेलं कार्ड कन्सल्टंटनं दुरुस्तीविना सही करावं आणि त्यावरून विमा कंपनीची शंका येऊ नये. मग मोजा तेच. आलेल्या शंका प्रकारानुसार लिहून ठेवल्या, तर बहुधा तीन-चारच चुका परत परत दिसतील: तपासणीचा रिपोर्ट जोडलेला नसणं, दाखल करण्याचं कारण मोघम असणं, जुन्या आजाराची नोंद फाइलमध्ये एक आणि कार्डात दुसरी. शिकवायचं तेवढंच, त्याच फाइली समोर ठेवून. आरएमओ वरचेवर बदलतात, त्यामुळे नव्या माणसाचा पहिला आठवडा याच कामाला द्या.

पायरी ५: साखळी ‘तर’नं जोडा आणि मुदत लिहा

बिनदुरुस्तीची कार्डं वाढली, तर एका महिन्यात पहिला तुकडा कमी होईल. तो कमी झाला, तर त्याच महिन्यात ४ च्या आत जाणारे वाढतील. बेड लवकर सुटले, तर भर मोसमात परत पाठवलेल्यांची नोंद घटेल. ती घटली, तर महिनाअखेरीस दाखल रुग्ण वाढलेले दिसतील. प्रत्येक वाक्यापुढे माप कोण लिहिणार त्याचं नाव घाला.

पायरी ६: कुठे तुटलं ते पाहा

कार्डं सुधारली आणि वेळ तसाच राहिला, तर अडचण लिखाणात नव्हती. बहुधा राउंडच्या वेळेत आहे आणि ते बोलणं मालक डॉक्टरांनाच कन्सल्टंटशी करावं लागेल. वेळ कमी झाला पण परत जाणारे तेवढेच राहिले, तर अडलेला बेड जनरल वॉर्डचा नसून आयसीयूचा असू शकतो. वहीत ‘कोणता बेड हवा होता’ हा रकाना त्यासाठीच ठेवा.

आकडा अचानक फार सुंदर झाला तर जास्त सावध व्हा. राउंडला दिलेल्या ‘घरी सोडा’ या सूचनेची नोंद संगणकात उशिरा टाकली की वेळ कागदावर आपोआप घटतो. महिन्यातून काही फाइली काढून राउंडच्या नोंदीची वेळ आणि संगणकातली वेळ शेजारी ठेवून पाहा. घाईनं सोडण्याचा धोकाही आहेच, म्हणून ७ दिवसांत त्याच त्रासासाठी परत दाखल झालेले रुग्ण साखळीशेजारीच मोजा. ते वाढले तर वेळ कमी करणं थांबवा, बेड कितीही लागत असले तरी.

पाऊस सरला आणि बेड रिकामे राहू लागले की पैशाकडचा दुवा बदला. तेव्हा परत पाठवलेल्यांची वही शांत असेल. त्या महिन्यांत त्याच कार्डांचा परिणाम विमा दाव्यातली कपात आणि पैसे हातात येईपर्यंतचे दिवस यांवर तपासा.