एमसीबी पडत नाही, तरी एक्स्टेन्शन बोर्ड का जळतो?

आमच्या घरच्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या एका सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसला. प्लग उपसला तर एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लॅस्टिक मऊ होऊन बसलेलं. भार वाढला की वीज तोडणारा एमसीबी मात्र एकदाही पडला नव्हता.

तो पडणारही नव्हता. त्या पॉइंटचा एमसीबी १६ अँपिअरचा, भिंतीतली वायर सांभाळण्यासाठी बसवलेला. बोर्ड मात्र ६ अँपिअरचा. त्यावर १५०० वॅटची केटल आणि १००० वॅटची इस्त्री एकदम चालली की २५०० भागिले २३०, म्हणजे जवळपास ११ अँपिअर. बोर्डाच्या दृष्टीने जवळपास दुप्पट भार, एमसीबीच्या दृष्टीने काहीच नाही.

त्यात बोर्डाचा प्लग बसतो त्या सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झालेली असेल तर खरा धोका. सैल जागी अर्धा ओहम अडथळा आहे असं धरा. एकटी इस्त्री चालू असताना तिथे नऊ वॅट उष्णता होते, दोन्ही चालू असताना साठ वॅटच्या आसपास. जुना साठचा बल्ब प्लॅस्टिकच्या डबीत कोंडल्यासारखंच ते! पट्टी तापली की तिचा ताण जातो, ती आणखी सैल होते आणि आणखी तापते.

म्हणून आधी बोर्डावर लिहिलेले अँपिअर वाचा. ६ असतील तर सगळ्या उपकरणांचे वॅट मिळून १३८० च्या आत राहायला हवेत. मोबाइल, राउटर, टीव्ही त्यात सहज बसतात. गीझर, केटल, इंडक्शन, हीटर मात्र थेट भिंतीतल्या पॉवर प्लगलाच लावा. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका, आणि वेटोळं केलेली किंवा गालिच्याखाली दडपलेली वायर मोकळी करा, तिची उष्णता बाहेर पडत नाही.

मग तपासणी. नेहमीची उपकरणं अर्धा तास चालवा, स्विच बंद करून प्लग काढा आणि त्याच्या प्लॅस्टिकला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, प्लग सॉकेटात ढिला हलत असेल, चरचर किंवा जळका वास येत असेल तर तो बोर्ड टाकून द्या. पट्टी वाकवून घट्ट करण्याच्या फंदात पडू नका.

स्वस्त चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि मोबाइलची बाजू यांतलं अंतर नि इन्सुलेशन बऱ्याचदा अपुरं असतं. विकत घेताना बीआयएसचं चिन्ह आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो खरा की खोटा ते बीआयएस केअर ॲपवर लगेच कळतं. फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका.

घर जुनं असेल तर वायरमनला स्विचबोर्ड उघडायला लावा, आणि मेन स्विच आधी बंद करायला सांगा. पिळून टेप गुंडाळलेले सांधे, तडकलेलं आवरण, फ्यूजमध्ये घातलेली जाड तांब्याची तार दिसली तर ती त्याच दिवशी बदलून घ्या. जाड तारेचा फ्यूज वितळतच नाही, वितळते ती भिंतीतली वायर.