पीठ बदललं पण चाळणी आणि माप तेच: गहू, मैदा, ज्वारी, नागलीच्या या चुका टाळा

2023 हे मिलेट वर्ष झालं तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पेशंटचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, गहू बंद केला, आता ज्वारी-नागलीवर आहे." मी जळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि आता मी सरळ सांगते की पुढच्या वेळी घरच्या पिठाचा डबा, पीठ चाळायची चाळणी आणि जेवणाचा फोटो घेऊन या. कारण धान्याचं नाव बदलल्याने काय होतं ते त्या डब्यात आणि त्या ताटात दिसतं, बोलण्यात नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. 100 ग्रॅम पीठ घेतलं तर गव्हाच्या कणकेत साधारण 64 ग्रॅम कर्बोदकं, ज्वारीत 68, नागलीत म्हणजे नाचणीत 67, मैद्यात 74. म्हणजे पहिली तिन्ही जवळपास सारखीच. प्रोटीन बघाल तर कणीक आणि मैदा दोघांत दहा ग्रॅमच्या थोडं वर, ज्वारीत दहा, आणि नागलीत उलट कमी, सातच्या आसपास. मग फरक कुठे आहे? सालीत आहे. कणीक, ज्वारी, नागली तिघांत फायबर दहा-अकरा ग्रॅम, मैद्यात तीनपेक्षा कमी. लोह कणकेत 4 मिलिग्रॅम तर मैद्यात 2 च्या आत. मैदा म्हणजे साल आणि अंकुर काढून टाकलेला गहूच, वेगळं काही धान्य नाही. म्हणजे ज्या घरात साल काढून टाकतात त्या घरात कुठलंही धान्य आणलं तरी ते मैद्याच्याच दिशेने जातं.

पहिली चूक: भाकर मोजायचीच नाही

ही माझ्या स्वतःच्या घरातली आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, बारा वर्षांपासून शुगर आहे. मागच्या हिवाळ्यात कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी पोळी सोडली. सकाळी नागलीची पेज गूळ टाकून, दुपारी दादर ज्वारीच्या दोन भाकरी आणि भरीत. तीन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांनी मशीनवर तपासलं तर 251. आधी 190 च्या आसपास असायची. नाना हैराण, मला म्हणे, "माय, मी ते नागलीच खास, मंग साखर काब्र वाढनी?" आणि सासूबाईंनी लगेच दोष भरताच्या तेलावर टाकला.

मी वाद घातला नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. सासूबाईंना म्हटलं, आई, तुम्ही नेहमीसारखी भाकर करा, फक्त पीठ घेताना मला परातीत मोजू द्या. एका भाकरीला 75 ग्रॅम पीठ निघालं. आमच्याकडची भाकर ताटभर असते हे तुम्हाला माहीत आहेच. दोन भाकरी म्हणजे 150 ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण 100 ग्रॅम कर्बोदकं. आधी ते खात होते तीन पोळ्या, एका पोळीला 30 ग्रॅम कणीक, तिन्ही मिळून 90 ग्रॅम, म्हणजे साठच्या आत कर्बोदकं. आकड्याने तीनच्या दोन झाल्या म्हणून सगळ्यांना वाटलं खाणं कमी झालं, प्रत्यक्षात ते दीडपटीच्या वर गेलं होतं. वरून सकाळची पेज. नागलीचं बारीक पीठ पाण्यात शिजवून पातळ केलं की ते न चावता घटाघटा पोटात जातं आणि साखर पटकन चढते, भाकरीसारखी हळूहळू नाही. त्यात गूळ. गूळही साखरच वाढवतो, हे मी इतक्यांदा सांगते की आता घसा दुखतो.

मग काय केलं तर पेज बंद, त्याऐवजी सकाळी मोड आलेली मटकी कांदा टाकून. दुपारी एकच भाकर, ती पण कळण्याची म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, सोबत घट्ट वरण वाटीभर, भरीत किंवा मेथी, आणि कच्चा कांदा. तिथेच, त्याच वेळेला, तीन आठवड्यांनी तपासलं तर 178. डॉक्टरांनी गोळी बदलली नव्हती. आता यात ज्वारीची जादू किती आणि अर्ध्या झालेल्या पिठाची किती, तर माझ्या मते मोठा वाटा पिठाचाच. ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी एकदम भाकरी अर्ध्या करू नका, डॉक्टरांना सांगून करा, नाहीतर साखर खाली जाते आणि घाम फुटून चक्कर येते.

कळण्याबद्दल दोन शब्द, कारण हे आपल्या खान्देशाचं आहे आणि आपणच ते फक्त पाहुण्यांसाठी करायला लागलो. माझं माप एक किलो ज्वारीला पाव किलो काळे अख्खे उडीद, साल न काढता, थोडं मीठ टाकून चक्कीवर सोबतच दळायचं. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा घटक कमी पडतो आणि उडदात तो भरपूर असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ले की शरीराला ते प्रोटीन नीट वापरता येतं. जुन्या बायांनी हे लायसिन बियसिन न वाचता जमवलं होतं. मिरचीचा ठेचा आणि तेल असलं की मुलंही खातात.

दुसरी चूक: कणीक बारीक चाळणीने चाळायची

पोळी पांढरी आणि मऊ हवी म्हणून चक्कीवरचं छान पीठ आणायचं आणि घरी मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा गायीला द्यायचा. एका ताईंना मी माझ्यासमोर एक किलो पीठ चाळायला लावलं, 90 ग्रॅम कोंडा निघाला. त्या म्हणाल्या, "एवढुसाच तर आहे." वजनाने एवढुसाच, पण फायबर त्यातच दाटलेलं असतं, जवळपास तिसरा हिस्सा त्या 90 ग्रॅममध्ये निघून गेला. आणि याच ताई बद्धकोष्ठासाठी बाजारातून इसबगोल आणत होत्या!

गहू आधी निवडा, मग दळायला द्या, म्हणजे चाळायची गरजच राहत नाही. किडे बघायचे असतील तर मोठ्या भोकाची चाळणी वापरा. पोळी कडक होते ही तक्रार खरी आहे पण ती घाईची आहे, कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो, तुम्ही मळलं की लगेच लाटायला घेता. जरा सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा, मग सांगा.

तिसरी चूक: बाळाला नागलीचं सत्त्व, आणि तेच आजोबांनाही

नागलीचं खरं मोठेपण कॅल्शियममध्ये आहे. 100 ग्रॅमला साधारण 360 मिलिग्रॅम, तर गहू-ज्वारीत तीसच्या आसपास. बारापट! पण हे कॅल्शियम बरंचसं त्या लालसर सालीत असतं. आता सत्त्व कसं करतात बघा, नागली भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला पांढरा गाळ वाळवायचा आणि फडक्यातला चोथा फेकायचा. म्हणजे ज्यासाठी नागली आणली तेच जास्त करून त्या चोथ्यात गेलं आणि वाटीत उरला मुख्यतः स्टार्च. सत्त्व जितकं पांढरं तितकं घरात कौतुक होतं, मला मात्र ते पांढरं दिसलं की वाईट वाटतं.

मी असं करते: नागली धुवून रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे. आपल्या उन्हाळ्यात एक दिवसात येतात, थंडीत दोन लागतात, फडकं सुकू द्यायचं नाही, आंबूस वास किंवा बुरशी दिसली तर सरळ टाकून द्यायचं. मग सावलीत वाळवून, मंद आचेवर हलकं भाजून, हाताने चोळून मोड पाखडून काढायचे आणि बारीक दळायचं. फडक्यातून गाळायचं नाही. मोड आल्याने फायटेट कमी होतं, जे कॅल्शियम आणि लोह अडवून धरतं. आणि मोडाच्या पिठाची पेज घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ जातं. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाचं पोट छोटं असतं, त्याला हे फार उपयोगी. पण मोड येताना स्टार्च अर्धवट तुटतो आणि लवकर साखर होते, म्हणून हेच पीठ शुगरवाल्या आजोबांना देऊ नका. त्यांना नागली हवी तर साध्या पिठाची भाकर, चावून खाण्यासारखी.

बाकीच्या चुका थोडक्यात

नागली बिस्किटं: पाकिटामागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिलं नाव मैदा असेल तर ते मैद्याचंच बिस्किट आहे. चहासोबतची खारी आणि टोस्ट पण बहुतेक तेच.

जेवणावर लगेच चहा: ज्वारी-गव्हातलं लोह आधीच कमी शोषलं जातं, चहा ते आणखी अडवतो. तासभर थांबा, आणि ताटात लिंबू पिळा.

भाकर तुटते म्हणून तिच्यात मैदा किंवा कणीक मिसळणं: बहुतेक वेळा पीठ जुनं झालेलं असतं. आठ-दहा दिवसांचंच दळण आणा आणि उकळत्या पाण्याने मळा.

पोट फुगतं म्हणून स्वतःच गहू सोडणं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. ज्वारी आणि नागलीत ग्लूटेन हे गव्हातलं चिकट प्रोटीन नसतं हे खरं, पण गव्हाचा त्रास म्हणजे सीलिअॅक, ग्लूटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार, आहे का हे रक्ताच्या तपासणीत कळतं, आणि ती तपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधीच सोडला तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. माझ्याकडे एक मुलगी आली होती, वजन वाढत नाही, हिमोग्लोबिन कमी, घरच्यांनी चार महिने गहू बंद ठेवलेला. तिला डॉक्टरांच्या देखरेखीत पुन्हा गहू खायला लावून मग तपासणी करावी लागली, पोरीला ते दिवस फार जड गेले, आणि निघालं तेच. वर तिचं ज्वारीचं दळण ज्या चक्कीवर जायचं तिथे तिच्या आधी कायम गहू दळलेला असायचा, म्हणजे गहू बंद होता तेव्हाही थोडा पोटात जातच होता. आता तिच्या आईने घरी छोटी घरघंटी घेतली आहे, तिच्यात फक्त ज्वारी, नागली आणि तांदूळ जातात, आणि आई शेजाऱ्यांचं दळणही घेत नाही.