म्हाताऱ्या आरोपीची हजेरी-माफी: आमचा अर्ज कसा मंजूर झाला

धुऱ्याच्या भांडणाची जुनी केस. मोठेबाबा आरोपी, वय ७८, त्यात लकवा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातून त्यांना दर पेशीला नेणं म्हणजे छळच.

आधी पोस्टाने पत्र पाठवलं, दखल नाही. मग ‘विश्रांतीची गरज’ एवढंच लिहिलेला दाखला जोडला. त्यावर फक्त त्या दिवसापुरती माफी मिळाली.

शेवटी वकिलांनी कायमच्या माफीचा वेगळा अर्ज केला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५५ (जुनं ३१७) घातलं. दाखल्यात आजार, तो कधीपासून आहे आणि प्रवास का झेपत नाही, हे डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घेतलं. अर्जात चार हम्या दिल्या: दर पेशीला वकील हजर राहतील, आरोपीच्या ओळखीबद्दल वाद घालणार नाही, गैरहजेरीत साक्ष नोंदवायला हरकत नाही, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करू. खरं वजन या हम्यांचंच पडलं.

प्रत सरकारी वकिलांना देऊन, पुकारा होण्याआधीच अर्ज दाखल केला. पुकाऱ्यानंतर वॉरंट निघू शकतं. मंजुरी मिळाली तरी आरोपीचा जबाब आणि निकाल या दिवशी कोर्ट बोलावू शकतं; गाडीची सोय ठेवा.