क्लिपच्या शीर्षकात विषय सांगा, पंच नको

समजा, तुमच्या स्टँड-अप क्लिपमधला किस्सा सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणाचा आहे आणि शेवटी कळतं की भांडणाऱ्या दोघांकडेही गाडीच नाही. ‘गाडी नसलेल्यांचं पार्किंगचं भांडण’ असं शीर्षक दिलंत की हशा तिथेच संपला. ‘कसला हसलो!’ लिहिलंत, तर शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही. विनोदाची सुरुवातीची मांडणी शीर्षकात घ्या: ‘सोसायटी मीटिंग आणि पार्किंगचं भांडण | मराठी स्टँड-अप’, पुढे कलाकाराचं नाव. यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा असते आणि मोबाइलवर ते त्याआधीच तुटतं, म्हणून विषय पुढे ठेवा. वर्णनात ‘standup comedy’ रोमन लिपीतही लिहा. बरेच जण तसंच टाइप करतात. थंबनेलवरचा मजकूरही तपासा, पंच बहुतेकदा तिथूनच फुटतो.