स्कोअर ९२ टक्के, तरी कॉल नाही? या चुका टाळा

रेझ्युमे जाहिरातीशी किती जुळतो ते सांगणाऱ्या साइटवर रेझ्युमे अपलोड केला, जॉब डिस्क्रिप्शन पेस्ट केलं, मॅच स्कोअर आला ९२ टक्के. अर्ज केला आणि तीन आठवडे फोनच नाही. इथे बहुतेक जण पहिली चूक करतात ती म्हणजे ९२चे ९७ करायला बसतात.

मुळात तो आकडा बाहेरच्या साइटने काढलेला असतो, कंपनीच्या रिक्रूटरला तो दिसत नाही. साधी टूल्स जाहिरातीतले महत्त्वाचे वाटणारे शब्द वेगळे काढतात आणि त्यातले किती तुमच्याकडे आहेत ते मोजतात. समजा, डेटा अ‍ॅनालिस्टच्या जाहिरातीतून २५ शब्द निघाले आणि २३ सापडले, की झाले ९२ टक्के. न सापडलेले दोन शब्द 'टीमवर्क' आणि 'कम्युनिकेशन' असले तरी ९२, आणि 'एसक्यूएल' व 'पॉवर बीआय' असले तरी ९२च! पहिल्या रेझ्युमेला कॉल येऊ शकतो. दुसरा बाजूला पडतो, कारण कामाचा गाभाच त्यात नाही. म्हणून टक्के बाजूला ठेवा आणि कोणते शब्द सुटलेत ते वाचा.

मग लोक काय करतात, तर सुटलेले शब्द उचलून स्किल्सच्या यादीत टाकतात. स्कोअर लगेच चढतो, पण माणूस वाचायला लागला की त्याची नजर यादीवरून थेट शेवटच्या नोकरीकडे जाते. यादीत 'एसक्यूएल' आहे आणि अनुभवाखाली फक्त 'मासिक रिपोर्ट तयार केले' असं लिहिलंय, तर तो शब्द त्याच्या लेखी नसल्यातच जमा. त्याऐवजी असं लिहा: 'तीन टेबलांवर एसक्यूएल क्वेरी लिहून मासिक विक्री रिपोर्ट तयार केला, आधी दोन दिवस लागायचे, आता दोन तास लागतात.' शब्द तोच, स्कोअरही कदाचित तितकाच. पण आता तुम्ही नेमकं काय केलंत ते कळतं. अर्थात, केलं असेल तरच लिहा. पहिल्याच फेरीत एसक्यूएलमधल्या जॉइनवर, म्हणजे टेबलं एकमेकांना कशी जोडली यावर, प्रश्न येऊ शकतो.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे अर्जाचा फॉर्म. नोटीस पिरियड, किती वर्षांचा अनुभव, अपेक्षित पगार, त्या देशात काम करण्याची परवानगी हे प्रश्न रेझ्युमेच्या बाहेर असतात आणि स्कोअरला त्यांचा पत्ताच नसतो. कंपनीला ३० दिवसांत माणूस हवा असेल आणि तुम्ही ९० लिहिले असतील, तर रेझ्युमे न उघडताच अर्ज गळू शकतो. नकाराचा मेल काही मिनिटांत आला तर संशय आधी फॉर्मवर घ्या. काही कंपन्या असे मेल मुद्दाम उशिरा पाठवतात, त्यामुळे उशिरा आला म्हणून फॉर्म निर्दोष ठरत नाही. नोटीस पिरियड खरोखर कमी करून मिळणार असेल, तर ते ऑफिसात विचारून घ्या आणि मगच तो आकडा भरा.

आणि कधीकधी जागा आतल्याच माणसाला दिलेली असते, किंवा भरती थांबलेली असूनही जाहिरात तशीच राहते. तिथे १०० टक्के आणूनही काही होणार नाही, पुढच्या अर्जाला लागा.