भाड्याच्या फ्लॅटचा ताबा घेताना यादी आणि फोटो: डिपॉझिट पूर्ण परत हवं असेल तर

पुण्यात सहा फ्लॅट बदलले. पहिल्या फ्लॅटचं डिपॉझिट ६० हजार होतं, हातात आले ४६. आणि फोटो नव्हते असं नाही हं, ताबा घेतला त्या दिवशी मी चांगले दोनशेच्या वर फोटो काढले होते. त्यामुळे "फोटो काढून ठेवा" एवढाच सल्ला कोणी दिला की मला वैताग येतो.

आधी अॅग्रीमेंटबद्दल दोन शब्द. लिव्ह अँड लायसन्सच्या कागदाला मागे वस्तूंची यादी असते, पंखे ४, ट्यूब ५, गीझर १ वगैरे. लोकांना वाटतं झालं काम. पण त्यात नुसता आकडा असतो, अवस्था नाही. चार पंख्यांपैकी एक घरघरत होता हे त्यात कुठेच येत नाही. आणि सही करण्याआधी रंगकामाचा क्लॉज शोधा. सोडताना रंगाचे अमुक पैसे कापणार असं त्यात लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर भिंतीचे कितीही फोटो दाखवा, फार उपयोग नाही. ते बोलणं सहीच्या आधीच करायचं.

फ्लॅट रिकामा असताना जा, दिवसा, म्हणजे टेम्पो यायच्या आधी. सामान लागलं की अर्ध्या भिंती दिसतच नाहीत.

सोप्या गोष्टी पटापट उरका. लाइटच्या मीटरचं रीडिंग आणि ग्राहक क्रमांक एकाच फोटोत घ्या, पाइपचा गॅस असेल तर त्याचंही. चाव्या किती मिळाल्या ते मोजून लिहा. प्रत्येक नळ, फ्लश, स्विच एकदा चालवून बघा. एसी असेल तर निदान वीस मिनिटं चालू ठेवा, गार हवा लगेच आली तरी पाणी आत गळतंय का हे नंतरच कळतं. हे सगळं पाऊण तासात होतं.

आता जिथे मी तोंडघशी पडलो ते. माझ्या दोनशे फोटोंत भिंतीवरच्या डागांचे अगदी जवळून काढलेले फोटो होते. चौदा महिन्यांनी मालक म्हणाले हा डाग तुमचा, मी फोटो उघडला, तर पांढऱ्या रंगावर पिवळा डाग, पण कुठल्या खोलीतला, कुठल्या भिंतीचा, मलाच सांगता येईना! तेव्हापासून मी प्रत्येक खोटीला तीन फोटो काढतो. पहिला खोलीच्या दारात उभं राहून अख्ख्या भिंतीचा. दुसरा दोन पावलं पुढे जाऊन, ज्यात तो डाग आणि शेजारचं काहीतरी ओळखीचं, खिडकी किंवा स्विचबोर्ड, दोन्ही येतील असा. तिसरा जवळून, शेजारी मेजरिंग टेप धरून. टेप नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं. तिन्ही एकापाठोपाठ काढा, मध्ये दुसरं काही नको, नाहीतर नंतर जुळवताना डोकं फिरतं.

भिंतींना नंबर द्या. दारात उभं राहिलं की डावीकडची एक, समोरची दोन, उजवीकडची तीन आणि दार ज्या भिंतीत आहे ती चार. प्रत्येक खोलीत हाच क्रम. मग यादीत "बेडरूम २, भिंत ३" एवढं लिहिलं तरी पुरतं.

नवा रंग दिलेला फ्लॅट बघून खूश होऊ नका. मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा मारा, समोरून नाही. समोरून मारलेल्या उजेडात भिंत सपाटच दिसते, आडव्या उजेडात पोपडे, बुजवलेली भोकं, रंगाखालचे फुगे सगळं सावली टाकतं. फोटोही त्याच उजेडात काढा. एवढं करूनही मे महिन्यात राहायला गेलात तर ओल दिसणारच नाही, ती जुलैत येते. म्हणून पहिल्या पावसात ओल दिसली की त्याच दिवशी त्याच तीन फोटोंसकट मालकांना कळवा, दिवाळीपर्यंत थांबलात तर खिडकी उघडी ठेवली असेल तुम्हीच असं ऐकावं लागतं.

यादीतली वाक्यं हा दुसरा घोळ. "दरवाजा खराब" याला काही अर्थ नाही. चौथ्या फ्लॅटमध्ये मी असं लिहिलं होतं: "कॉमन बाथरूम, दरवाजा, आतली बाजू. खालपासून १२ सेंमीपर्यंत लॅमिनेट सुटलंय, बिजागरीच्या कोपऱ्यात प्लाय फुगलाय, दार लावताना फरशीला घासतं." बस. पाण्यामुळे झालं की आधीच्या भाडेकरूमुळे, हे लिहायचं नाही, कारण लिहिलं की त्यावरच वाद सुरू होतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. आणि जे धड आहे तेही लिहा. "किचन ओटा, चीर नाही, टवका नाही." नुसत्या खोटींची यादी मालकाला तक्रारअर्ज वाटते, तो आखडतो. सगळं लिहिलं की ती घराची नोंद वाटते.

मग पाठवायचं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. फोनमधल्या फोटोवरची तारीख बदलता येते, त्यामुळे तुमच्या गॅलरीत पडून असलेल्या फोटोंवर कोणी का विश्वास ठेवावा? समोरच्याला त्या दिवशी मिळाला याला वजन आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्याची फाइल लहान होते, बारकावे जातात आणि आतली तारीख-वेळेची माहितीही जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, शिवाय ईमेलही करा. मूळ फाइल्स फोनमधून उडवू नका आणि त्या चॅटला आपोआप पुसणारे मेसेज चालू नाहीत ना तेवढं बघा. एजंटला पाठवून भागत नाही. तो "हो हो सर, सांगतो" म्हणतो आणि आठ महिन्यांनी त्याचा नंबरही लागत नाही.

यादीवर सही मिळाली तर उत्तमच, पण मालक नाशिकला किंवा दुबईत असतात, सही कुठली मिळायला. माझा उपाय असा की यादीबरोबर एक साधा प्रश्न विचारायचा ज्याला उत्तर द्यावंच लागेल. त्या दरवाजाबद्दल मी लिहिलं, "काका, बाथरूमचा दरवाजा खालून फुगलाय, आत्ता बदलून घेताय का आहे तसाच वापरू?" उत्तर आलं, "राहू दे, चालतंय तोवर चालवा." संपलं! दरवाजा आधीच तसा होता हे त्यांनी स्वतःच लिहून दिलं. "यादी मान्य आहे का" असं विचारलं असतं तर ते "घरी आल्यावर बघतो" म्हणाले असते आणि बघितलंच नसतं.

दोन वर्षांनी सोडताना दरवाजाचे साडेसहा हजार हिशोबात आलेच होते, काकांचा मुलगा आला होता आणि त्याला काही माहीत नव्हतं. मी वाद घातला नाही, आधीचे तीन फोटो, त्याच जागेवरून सोडायच्या दिवशी काढलेले तीन आणि तो मेसेज शेजारी शेजारी ठेवले. लॅमिनेट आता १२ ऐवजी १५ सेंमीपर्यंत सुटलं होतं, तेही मीच दाखवलं. मुलाने वडिलांना फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि साडेसहा हजारांवर काट मारली. किचनच्या एका ट्रॉलीचं चॅनल मात्र आमच्याकडूनच तुटलं होतं, त्याचे चारशे दिले.